परत आलेलं वाक्य

‘आपली सर्व माहिती आपल्याकडे गोपनीय ठेवली जाईल.’

हे वाक्य मी लिहिलं तेव्हा त्यात काही खटकण्यासारखं आहे असं मला वाटलं नव्हतं. एका औषधचाचणीच्या संमतीपत्राचं इंग्रजीतून मराठी भाषांतर करत होते. मधुमेहाची नवी गोळी, चौदा पानांचा मजकूर. रुग्णाची माहिती रुग्णालय गुप्त ठेवील, एवढंच मूळ वाक्य सांगत होतं. नऊ-दहा दिवसांनी तेच वाक्य इंग्रजी होऊन परत आलं. त्याचा अर्थ होता, ‘तुमची सर्व माहिती तुमच्याकडेच गुप्त राहील.’ म्हणजे रुग्णालय कागद घरी देणार आणि आपणच ते कपाटात कुलूपबंद ठेवायचे.

पहिली प्रतिक्रिया रागाची असते. ‘आपल्याकडे’ म्हणजे ‘आमच्याकडे’, हे याला कळू नये? मग मी माझंच वाक्य त्रयस्थासारखं वाचलं. ‘आपण’ म्हणजे आदरार्थी तुम्ही, आपण म्हणजे तुम्ही-आम्ही सगळे, आणि ‘आपला’ म्हणजे ज्याचा त्याचा. पहिला ‘आपली’ मी ‘तुमची’ या अर्थी वापरला होता आणि दुसऱ्या ‘आपल्याकडे’मध्ये स्वतःला रुग्णालयाच्या बाजूला बसवलं होतं. एकाच शब्दाने चार शब्दांच्या अंतरात पक्ष बदलला होता. चूक त्या माणसाची नव्हती. वाक्य बदललं: ‘तुमची सर्व माहिती रुग्णालय गोपनीय ठेवील.’

या उलट्या फेरीला इंग्रजीत बॅक-ट्रान्सलेशन म्हणतात. आम्ही कामात बोलताना ‘बॅक’ एवढंच म्हणतो. ‘बॅक आलं का?’ ‘बॅकमध्ये काय निघालं?’ पद्धत दिसायला सोपी आहे. एक जण मूळ इंग्रजीचं मराठी करतो. दुसरा जण, ज्याने मूळ मजकूर पाहिलेला नाही आणि पाहायचाही नाही, ते मराठी पुन्हा इंग्रजीत आणतो. मग तिसरा माणूस दोन्ही इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी ठेवून वाचतो. औषधचाचण्यांसाठी २०१९चे नियम आहेत. रुग्णाला माहिती त्याला समजेल अशा भाषेत, अवघड परिभाषा टाळून द्यावी लागते आणि ते कागद एथिक्स कमिटीसमोर जातात. मराठी मजकुराबरोबर त्याचं बॅक आणि भाषांतरकाराचं प्रमाणपत्र बहुधा मागितलं जातं. कारण उघड आहे. चाचणीचा खर्च करणारी कंपनी कुठल्या तरी दूरच्या शहरात असते आणि तिथल्या कोणालाही मराठी येत नसतं. आपल्या नावावर रुग्णाला काय सांगितलं जातंय हे पाहण्याची त्यांची खिडकी एवढीच.

खिडकीतून दिसतं ते मात्र नीट वाचावं लागतं.

आमच्या त्या संमतीपत्राचं बॅक आलं तेव्हा तपासणाऱ्या बाईंनी तीसेक ठिकाणी पिवळ्या खुणा केल्या होत्या. त्यातल्या निम्म्याहून अधिक खुणा मी चहा पिता पिता निकालात काढल्या. मुळात ‘चाचण्या करू’ होतं, बॅकमध्ये ‘तपासण्या करू’ आलं. मुळात ‘होण्याची शक्यता आहे’, बॅकमध्ये ‘होऊ शकतं’. मूळ वाक्य कर्मणी, परत आलेलं कर्तरी. दोन भाषांमधून गेलेलं वाक्य तसंच्या तसं परत येत नसतं. अशा ठिकाणी ‘अर्थात फरक नाही, बदल नको’ असा शेरा मारून पुढे जायचं. हे शेरे कंटाळवाणे असतात, पण लिहावेच लागतात. न लिहिल्यास कोणीतरी पुढच्या खेपेला तीच खूण पुन्हा करतो.

प्लॅसिबोचं असंच झालं. मी लिहिलं होतं, ‘दिसायला तशीच, पण आत औषध नसलेली गोळी’. बॅकमध्ये ते वर्णन जसंच्या तसं उतरलं आणि तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, मूळ शब्द कुठे गेला? शब्द मी मुद्दामच वगळला होता, कारण ‘प्लॅसिबो’ वाचून कुणालाही काही कळत नाही. फरक खरा होता आणि हवासाही होता. पूर्वी एका कामात कोणीतरी ‘खोटी गोळी’ लिहिलं होतं. तेही बॅकमध्ये बरोबर उतरलं, पण खोटी म्हटली की फसवणूक आली, आणि इथे तर आपण रुग्णाला आधीच सांगतोय की दोनांपैकी कोणतीही मिळेल.

एका वाक्यापाशी मात्र अर्धा दिवस गेला.

मूळ आशय असा होता की या औषधाचा फायदा प्रत्येक रुग्णाला होईलच असं नाही. मी लिहिलं, ‘सर्व रुग्णांना या औषधाचा फायदा होणार नाही.’ बॅकमध्ये आलं: ‘ऑल पेशंट्स विल नॉट बेनिफिट.’ मुळात होतं ‘नॉट ऑल’. ‘नॉट’ची जागा तेवढी हलली होती. तपासणाऱ्या बाईंनी खूण केली नव्हती, आणि त्या मुंबईच्याच. आपण भारतीय इंग्रजीत ‘ऑल आर नॉट सेम’ म्हणतो तेव्हा ‘सगळेच सारखे नसतात’ असंच आपल्याला म्हणायचं असतं, त्यामुळे त्यांना ते वाक्य ठीक वाटलं. परदेशातल्या कंपनीच्या माणसाने तेच वाचलं आणि हादरून मेल पाठवला. त्याच्या कानाला ते ‘एकाही रुग्णाला फायदा होणार नाही’ असं ऐकू आलं.

चूक कोणाची? बॅक करणाऱ्याने मराठी वाक्याचा साचा प्रामाणिकपणे उचलला होता. तो साचाच दुटप्पी होता. ‘सर्व रुग्णांना फायदा होणार नाही’ हे मराठीत दोन्ही अर्थांनी वाचता येतं, आणि भीतीने वाचणारा माणूस वाईट अर्थच उचलतो. बोलताना आपण ‘सर्व’वर जोर देऊन अर्थ पक्का करतो. कागदावर जोर देता येत नाही. दुरुस्ती सोपी होती: ‘सगळ्यांनाच फायदा होईल असं नाही, काहींना होईल, काहींना होणार नाही.’ मूळापेक्षा लांब झालं, झालं तर झालं.

या एका वाक्यावरून मी एक सवय लावून घेतली. बॅकमध्ये फरक दिसला की दोन इंग्रजी वाक्यं भांडवत बसायचं नाही. मधल्या मराठी ओळीवर बोट ठेवायचं आणि विचारायचं: ही ओळ किती प्रकारे वाचता येते? एकाच प्रकारे येत असेल आणि तो अर्थ बरोबर असेल, तर बॅक करणारा चुकला; मराठीला हात लावायचा नाही. दोन प्रकारे येत असेल, तर बॅक करणाऱ्याने त्यातला चुकीचा निवडला म्हणून त्याच्यावर रागवायचं नाही; तो आपल्या हजार वाचकांपैकी पहिला. आणि एकाच प्रकारे येत असेल, पण तो अर्थ चुकीचा असेल, तर मुकाट्याने आपली चूक मान्य करायची.

माझी अशी एक निखळ चूक त्याच कागदात निघाली. औषधामुळे साखर खूप उतरून चक्कर येऊ शकते, तसं झाल्यास गाडी चालवायचीच नाही, असं मूळ वाक्य ठासून सांगत होतं. मी लिहिलं, ‘चक्कर आल्यास वाहन चालवू नये.’ बॅकमध्ये सक्तीची जागा सल्ल्याने घेतली होती. इंग्रजीत सक्तीला एक शब्द आणि सल्ल्याला दुसरा. आपल्याकडे ‘-वे’, ‘-वी’, ‘नये’ दोन्ही कामं करतात, आणि कुठलं काम करतात हे पाहायचं असेल तर ‘येथे थुंकू नये’ या पाटीखालची भिंत पाहावी. ‘गाडी अजिबात चालवू नका, ताबडतोब या नंबरवर फोन करा,’ असं केलं.

एखादा फरक मराठीतून निघतच नाही, तो मुळातच असतो. रुग्णाने तपासणीला कधी यायचं, त्यासाठी इंग्रजीत ‘बायमंथली’ शब्द होता. मी ‘दर दोन महिन्यांनी’ केलं, बॅकनेही तेच आणलं. कंपनीने कळवलं की चूक आहे, महिन्यातून दोनदा यायचंय. शब्दकोश उघडून पाहिला तर इंग्रजीत त्या शब्दाचे दोन्ही अर्थ आहेत. त्याच कागदाच्या नवव्या पानावरच्या तक्त्यात भेटी पंधरा-पंधरा दिवसांच्या होत्या, पण तक्ता आणि परिच्छेद लिहिणारे हात वेगळे असणार. मराठी सुधारून भागणारं नव्हतं. मूळ इंग्रजीच बदलावं लागलं आणि मग हिंदी, गुजराती, सगळ्याच भाषांतल्या प्रती पुन्हा पाहाव्या लागल्या. बॅकचा हा उपयोग फारसा कोणी सांगत नाही: मूळ लेखकाला स्वतःचं इंग्रजी परक्या हातून परत मिळतं.

आतापर्यंत सांगितलं ते दिसणाऱ्या फरकांबद्दल. माझी झोप उडवली ती न दिसणाऱ्यांनी.

त्या चौदा पानांत सगळ्यात स्वच्छ परत आलेला परिच्छेद होता चाचणीच्या रचनेचा. मी लिहिलं होतं, ‘तुम्हाला या अभ्यासात यादृच्छिक पद्धतीने दोनांपैकी एका गटात समाविष्ट केले जाईल.’ बॅक जवळजवळ शब्दशः मूळासारखं. एकही पिवळी खूण नाही. आणखी एक वाक्य असंच निष्कलंक परत आलं: अभ्यासामुळे इजा झाल्यास ‘मोबदला’ मिळेल.

मग रुग्णालयातल्या एका समुपदेशक मैत्रिणीने सुचवलं, कागद पुढे पाठवण्याआधी दोघा-चौघांना वाचून दाखव. बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर साठीच्या एक मावशी होत्या, साताऱ्याकडच्या, मुलीच्या तपासणीला आलेल्या. त्या चाचणीशी त्यांचा काही संबंध नव्हता. वाचून झाल्यावर मी ठरलेला प्रश्न विचारला, ‘मावशी, काय सांगितलंय ते तुमच्या शब्दांत सांगा.’

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘ताई, अभ्यास मला कसा जमंल? माझी शाळा चौथीपतुर.’

‘यादृच्छिक’वर त्या थांबल्याच नव्हत्या. ऐकू आलं ते कळलं नाही, म्हणून सोडून दिलं. पण ‘मोबदल्या’वर त्यांचं मत पक्कं होतं. ‘म्हणजे काय झालं तर पैसे देऊन मोकळे होणार.’ गावाकडे जमीन धरणात किंवा रस्त्यात गेली की मोबदला मिळतो. एक वस्तू दिली, तिची किंमत घेतली, विषय संपला. रुग्णाला इजा झाली तर त्याच्या उपचाराची जबाबदारी घेऊन वर भरपाई द्यायची, हा नियमातला अर्थ त्यात उतरत नाही. इथे ‘नुकसानभरपाई’ हवं होतं.

मग बॅकने हे का नाही पकडलं? कारण बॅक करणारे गृहस्थ वीस वर्षं हेच काम करत आहेत. ‘इजा झाल्यास’ वाचताच पुढे कुठला इंग्रजी शब्द येणार हे त्यांच्या हाताला ठाऊक. ‘मोबदला’ असो, ‘भरपाई’ असो, त्यांनी ‘कॉम्पेन्सेशन’च लिहिलं असतं. इंग्रजी शब्द दोन्हींना सामावून घेतो आणि तिथे माझी चूक झाकली गेली. ‘यादृच्छिक’चं तर आणखीच सोपं. तो शब्द मराठीत वापरात आहे तो इंग्रजी ‘रँडम’चं भाषांतर म्हणून. ज्याला तो येतो त्याला इंग्रजी शब्दही येतो, म्हणून जाताना आणि येताना तो कुठेच अडखळत नाही. अडखळतो तो फक्त ज्याच्यासाठी लिहिला तो माणूस.

हे काही माझं नवं शहाणपण नाही. १९७०मध्ये रिचर्ड ब्रिसलिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने उलट भाषांतरावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यासाठी त्याने प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावरच्या विद्यापीठात दहा भाषांच्या चौऱ्याण्णव द्विभाषिकांकडून मजकूर भाषांतरित करून घेतला होता. आज जगभर जी पद्धत वापरतात तिचा पाया म्हणून त्याच निबंधाचं नाव घेतात. पण पद्धत मांडतानाच तिच्यावर विसंबण्याचे धोके त्याने सांगून ठेवले. दोन्ही भाषांतरकार एकाच शिकवणीतले असले की काही शब्दांच्या ठरलेल्या जोड्या दोघांच्या डोक्यात असतात, मग त्या जोड्या अर्थाने जुळोत वा न जुळोत. हुशार बॅक करणारा वाईट मराठीतूनही चांगला अर्थ काढतो. आणि पहिल्या भाषांतरकाराने मूळ भाषेची वाक्यरचना तशीच ठेवली तर परतीचा प्रवास फारच सुखाचा होतो, फक्त ती एकच भाषा येणाऱ्या वाचकाला ते वाक्य निरुपयोगी ठरतं. माझ्या चौदा पानांत या तीनही गोष्टी सापडल्या होत्या, तब्बल अर्ध्या शतकानंतर.

तिसऱ्या धोक्यात भाषांतरकाराचा स्वार्थ असतो, आणि हे कबूल करायला हवं. शब्दशः लिहिलं की बॅक स्वच्छ येतं. स्वच्छ आलं की प्रश्न येत नाहीत, बिल वेळेवर निघतं. मनासारखं, समजेल असं लिहिलं की खुणा वाढतात आणि प्रत्येक खुणेला दोन ओळींचं स्पष्टीकरण द्यावं लागतं, त्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत. वर्षानुवर्षं असं काम केलं की लिहिताना डोळ्यांसमोर मावशी न राहता बॅक करणारा येतो. ‘अभ्यास औषध’, ‘अभ्यास डॉक्टर’ असले शब्द मराठीत आले ते याच वाटेने. सरकारी मराठीची आपण इतकी थट्टा करतो, पण तिच्यातला बराच भाग असाच कुणाच्या तरी तपासणीतून सुखरूप पार पडण्यासाठी लिहिलेला असतो.

म्हणून आता बॅक देताना मी दोन विनंत्या जोडते. पहिली: या विषयात मुरलेला माणूस नको, शक्यतो मराठी उत्तम जाणणारा आणि चाचणीचे कागद न पाहिलेला हवा. दुसरी: वाक्य गोड करू नका, शंका आली तर कंसात तसं लिहा आणि दोन अर्थ दिसले तर दोन्ही द्या. असं केलेलं बॅक ओबडधोबड दिसतं, कंपनीला ते आवडत नाही. पण त्यातून खुणा योग्य ठिकाणी पडतात. शिवाय बॅकनंतर थांबायचं नाही. रुग्णांनी स्वतः भरायच्या प्रश्नावल्यांच्या भाषांतरासाठी २००५मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने जी पायऱ्यांची यादी तयार केली, तिच्यात उलट भाषांतर ही एक पायरी आहे आणि तिच्यानंतर पाच ते आठ प्रत्यक्ष वाचकांना मजकूर देऊन त्यांना काय कळलं ते विचारणं ही दुसरी. संमतीपत्राला तेवढा वेळ क्वचितच मिळतो. चार माणसं मिळाली तरी पुष्कळ.

त्या परिच्छेदाचं शेवटी हे झालं: ‘ही एक औषधाची चाचणी आहे. कोणाला नवी गोळी द्यायची आणि कोणाला औषध नसलेली, हे डॉक्टर ठरवणार नाहीत, तुम्हीही नाही. नाणं उडवून छापा-काटा ठरवावा तसं ते ठरेल.’ ते पुन्हा बॅकला दिलं, कारण बदललेलं प्रत्येक वाक्य पुन्हा एकदा त्याच वाटेने जावं लागतं. परत आलं तेव्हा मुळाशी काहीच जुळत नव्हतं आणि पिवळ्या खुणांनी अख्खा परिच्छेद भरला होता. मी शेऱ्यांच्या रकान्यात लिहिलं, ‘फरक हेतुपुरस्सर. चार वाचकांना वाचून दाखवले. चौघांनीही गोळी नशिबावर मिळेल असे स्वतःच्या शब्दांत सांगितले.’ आठवड्याने उत्तर आलं. बदल मान्य होता, पण ‘यादृच्छिक’ हा शब्द कंसात तरी ठेवावा अशी विनंती होती.

ठेवला. मावशी तशाही तो वाचणार नव्हत्या.